गेटवरची नजर आणि हरवलेले तांबे : अंबडमधील झडतीचे एक प्रकरण

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत विजेचे पॅनेल आणि स्विचगिअर बनवणारे कारखाने पुष्कळ आहेत. पुढचे प्रकरण अशाच एका कारखान्याचे आहे. ते अभ्यासासाठी रचलेले असून कोणत्याही एका कंपनीचे नाही, आणि कारखान्यातले आकडे हिशेब समजावा म्हणून धरले आहेत. कायदा, न्यायालयांचे निकाल आणि परदेशांतल्या नोंदी मात्र खऱ्या आहेत. प्रकरण तांब्याच्या चोरीचे दिसते, पण त्यात खरा प्रश्न असा आहे की माणसाच्या दिसण्यावरून कुणाला अडवायचे हे ठरवले, तर चोरी सापडते का.

कारखान्यात ६०० माणसे. त्यातली १८० कायम कामगार आणि कार्यालयीन कर्मचारी, उरलेली ४२० ठेकेदारांची. पॅनेलमध्ये तांब्याच्या चपट्या पट्ट्या बसवतात, त्यांना बसबार म्हणतात. लांब पट्टी ड्रॉइंगप्रमाणे कापली की टोकाचे तुकडे उरतात. ते एका पिंपात जमा होतात, स्टोअर्समध्ये वजन होऊन पडून राहतात आणि नंतर तांबे भंगार म्हणून विकले जातात. आठ आठवड्यांच्या हिशेबात स्टोअर्सला तांबे १९० किलो कमी भरले. तांब्याचा भाव लोखंडी भंगाराच्या कित्येक पट असतो, त्यामुळे कार्यालयात खळबळ उडाली. पहिला हुकूम सुटला तो गेटवर: शिफ्ट सुटताना जो संशयित वाटेल त्याची झडती घ्या.

या हुकुमात कुणाला वाईट हेतू दिसणार नाही. सुरक्षा अधिकारी लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार, सचोटीचे आणि वक्तशीर. त्यांनी आपल्या रक्षकांना जे शिकवले ते त्यांना स्वतःला शिकवले गेले होते: नजर ठेवा, चेहरा वाचा, जो घाई करतो, नजर चुकवतो, कपड्यांनी विचित्र दिसतो, त्याला बाजूला घ्या. “साहेब, माणूस बघितला की कळतं,” असे त्यांचे म्हणणे. त्या वाक्यावरच सगळे प्रकरण उभे आहे.

झडतीच्या वहीत काय दिसले

सुभेदारांनी एक गोष्ट फार चांगली केली होती. प्रत्येक झडतीची नोंद त्यांनी ठेवायला लावली: तारीख, शिफ्ट, टोकन नंबर, कोणत्या ठेकेदाराचा माणूस, काय सापडले. बहुतेक ठिकाणी फक्त “सापडले” तेवढेच लिहिले जाते. इथे न सापडलेल्या झडत्याही लिहिल्या गेल्या, म्हणून पुढचा हिशेब करता आला.

आठ आठवड्यांत १,२०० झडत्या झाल्या. त्यातल्या १,११० ठेकेदारांच्या माणसांच्या, आणि फक्त ९० कायम कामगार व कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या. काहीतरी सापडले एकूण १३ वेळा. त्यातले ११ जण ठेकेदारांचे. महिन्याच्या बैठकीत हाच आकडा मांडला गेला: पकडलेल्यांपैकी पंचाऐंशी टक्के कंत्राटी आहेत, म्हणजे चोरी कोण करते ते उघड आहे, आता त्यांच्यावर आणखी कडक नजर ठेवा.

इथे थांबून नीट बघायला हवे, कारण चूक इथेच होते आणि ती बैठकीत बसलेल्या शहाण्या माणसांच्याही लक्षात येत नाही. ज्याची झडती जास्त, त्याच्याकडे जास्त सापडणार. १,११० झडत्यांत ११, म्हणजे शंभरात एक. दुसरीकडे ९० झडत्यांत २, म्हणजे शंभरात दोनाहून थोडे जास्त. सापडलेल्यांची गिनती न करता दर शंभर झडत्यांमागे किती सापडले हे पाहिले, तर रक्षकांनी ज्यांच्यावर डोळा ठेवला त्यांच्याकडे जास्त सापडत नव्हते. पहिला आकडा चोरांबद्दल काही सांगत नाही. रक्षक कुणाला अडवत होते एवढेच तो सांगतो. आणि तोच आकडा पुढच्या महिन्यात त्यांनाच पुन्हा अडवण्याचे कारण ठरतो. नोंदीतून संशय, संशयातून झडती, झडतीतून पुन्हा नोंद, असे ते चक्र फिरत राहते.

कायम कामगार जास्त चोरी करतात असा उलटा निष्कर्षही यातून काढता येणार नाही, हे लगेच सांगितले पाहिजे. दोन हा आकडा फार लहान आहे. शिवाय कायम कामगाराला अडवताना रक्षक दहादा विचार करत होते, पिशवी अगदीच फुगलेली दिसली तरच हात लावत होते. साहजिकच त्या थोड्या झडत्यांत सापडण्याचे प्रमाण वर जाणार. दोन गटांची अशी तुलना या कारणाने फसवू शकते, आणि या विषयाचे अभ्यासकही हा आक्षेप घेतात. त्यावर उपाय एकच: काही काळ तरी कुणाला अडवायचे ते माणसाच्या नजरेवर सोडायचे नाही. तो पुढे झाला.

त्याआधी वहीतली आणखी एक गोष्ट. टोकन नंबर लावून पाहिल्यावर कळले की १,११० पैकी निम्म्या झडत्या अवघ्या ३५ जणांच्या होत्या. प्रत्येकाची आठ आठवड्यांत पंधरा-सोळा वेळा. हे कोण? बहुतेक पावडर कोटिंग विभागातले हेल्पर, ज्यांचे कपडे आणि केस रंगाच्या भुकटीने माखलेले असत. काही उत्तरेकडून आलेली तरुण पोरे, ज्यांना मराठी नीट येत नव्हते म्हणून रक्षकाने विचारले की ती गोंधळत, आणि गोंधळली की संशय वाढे. आणि दोघे कारखान्याच्या मागच्या वस्तीतले. या ३५ जणांकडे मिळून सापडले ते हातमोज्यांचे एक जोड, एक हॅकसॉ ब्लेड आणि डब्यात गुंडाळलेले पुसायचे कापड. तांबे एकाकडेही नाही. त्यातला एक जण सुभेदारांना म्हणाला, “साहेब, रोज माझाच डबा उघडता, पण अजून एकदाही काही निघालं नाही, ते कुठं लिहिता का?” ते लिहिले होते, पण वाचले कुणीच नव्हते.

गणिती बाजूने हेच दुसऱ्या कुणी दाखवून दिलेले आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ विल्यम प्रेस यांनी २००९ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांचा प्रश्न असा होता: काही लोक दोषी असण्याची शक्यता जास्त आहे हे अगदी अचूक ठाऊक आहे असे धरले, तर त्या प्रमाणात त्यांना जास्त तपासल्याने दुष्ट माणूस लवकर सापडतो का? उत्तर निघाले की नाही. शक्यतेच्या प्रमाणात तपासले तर होणारा फायदा सरसकट चिठ्ठ्या टाकून तपासण्याइतकाच. कारण त्याच त्या निरपराध माणसांना पुन्हा पुन्हा तपासण्यात हात अडकून पडतात. प्रेस यांच्या हिशेबाने, एखाद्यावर नऊपट संशय घ्यायला खरोखर जागा असेल, तरी त्याला तिपटीनेच जास्त तपासावे. आणि हे सगळे नऊपटीचा आकडा खरा असेल तर. अंबडच्या गेटवर तो आकडा कुणालाच माहीत नव्हता. होता तो फक्त रंगाच्या भुकटीचा संशय.

नजर कितपत चालते

सुभेदारांच्या म्हणण्याला मी हलके लेखत नाही. सीमेवर ज्या माणसाचे डोळे उघडे राहिले, त्याला आपल्या डोळ्यांवर विश्वास वाटणारच. पण गेटवरचे गणित वेगळे आहे, कारण चोर फार थोडे असतात.

समजा एका दिवशी ६०० पैकी ६ जण काहीतरी लपवून नेत आहेत. समजा रक्षकाची नजर दहातल्या आठ वेळा बरोबर असते, जी फारच उदार कल्पना आहे. तो सहापैकी पाच जण ओळखेल. उरलेल्या ५९४ प्रामाणिक माणसांपैकी मात्र दर पाचातल्या एकाबद्दल त्याचा अंदाज चुकेल, म्हणजे ११९ जणांवर विनाकारण संशय. एकूण १२४ बाजूला काढले, त्यात चोर पाच. इतकी तीक्ष्ण नजर असूनही शंभरातले शहाण्णव जण निर्दोष.

प्रत्यक्षात नजर एवढी तीक्ष्ण नसते. समोरचा खोटे बोलतो का हे हावभावांवरून ओळखायच्या शेकडो प्रयोगांचा एकत्रित आढावा २००६ मध्ये निघाला. माणसे सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ठरली, म्हणजे नाणे उडवण्यापेक्षा जेमतेम बरे. अमेरिकेच्या विमानतळांवर घाबरलेले, घाम आलेले, नजर चुकवणारे प्रवासी हेरण्यासाठी खास अधिकारी नेमले गेले होते. त्या कार्यक्रमावर २००७ पासून सुमारे ९० कोटी डॉलर खर्च झाले. सरकारच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने २०१३ मध्ये सांगितले की हे चालते याला पुरावा नाही, पुढचा निधी आवरता घ्या.

गेटवर माणूस का घाबरतो, याची कारणे चोरीबाहेरची फार असतात. ठेकेदार पगार कापेल ही भीती. पंचवटीकडची बस चुकेल ही घाई. काल याच रक्षकाने सगळ्यांसमोर खिसे उलटे करायला लावले, ही लाज. रोज अडवला जाणारा माणूस गेटपाशी आला की आपोआप आकसतो आणि ते आकसणेच संशयाची खूण ठरते.

रस्त्यावरच्या पोलिसी झडतीचा सर्वांत मोठा हिशेब न्यूयॉर्कचा आहे. जानेवारी २००४ ते जून २०१२ या काळात तिथल्या पोलिसांनी ४४ लाख वेळा माणसे अडवली. निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय होती, लोकसंख्येत त्यांचा वाटा त्याच्या निम्म्याच्या आसपास. २०१३ मध्ये संघीय न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी या सगळ्या नोंदी तपासून निकाल दिला. शंभरातल्या ८८ वेळा पुढे काहीच कारवाई झाली नाही. ज्यांची अंगझडती घेतली त्यांच्यातल्या शंभरात दीड जणाकडेच शस्त्र निघाले. आणि अडवलेल्या कृष्णवर्णीयांपैकी एक टक्क्याकडे शस्त्र सापडले, तर गोऱ्यांपैकी १.४ टक्क्यांकडे. अंबडच्या वहीत दिसते ती रचना इथे लाखोंच्या संख्येने दिसते. पुढे ही अडवणूक जवळजवळ थांबली. २०११ मध्ये ती ६ लाख ८५ हजारांवर होती, २०१५ पर्यंत सुमारे २३ हजारांवर आली. त्याच काळात शहरातले खून वाढले नाहीत, उलट कमी झाले.

दुसरे उदाहरण कारखान्याला जास्त जवळचे आहे, कारण तिथे उपायही केला गेला. अमेरिकेच्या सीमाशुल्क विभागाने १९९८ च्या सुमारास प्रवाशांच्या झडतीची संशयखुणांची लांबलचक यादी काढून टाकली आणि थोडेच, वागण्याशी आणि माहितीशी जोडलेले निकष ठेवले. झडती घेण्याआधी वरिष्ठाची परवानगी सक्तीची केली. झडत्या निम्म्याहून कितीतरी कमी झाल्या आणि दर झडतीमागे माल सापडण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक वाढले. त्याआधीची स्थिती अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने नोंदलेली आहे: अंगझडतीनंतर कृष्णवर्णीय अमेरिकी स्त्रियांना एक्स-रेसाठी पाठवण्याचे प्रमाण गोऱ्या स्त्रियांच्या नऊपट होते, आणि माल सापडण्याचे प्रमाण निम्म्याहूनही कमी. एखाद्या स्त्रीच्या वाट्याला हे काय आले असेल, याचा विचार करून पाहावा.

वस्तीतली अटक

झडत्यांच्या तिसऱ्या आठवड्यात कारखान्याने पोलिसांत तक्रार दिली. संशय कुणावर, या रकान्यात लिहिले गेले: “कंपनीच्या मागील वस्तीतील इसम.” वस्ती विमुक्त जमातीतल्या कुटुंबांची. बायका आणि पोरे सकाळी गोण्या घेऊन निघतात, रस्त्यावरचे भंगार वेचतात, संध्याकाळी दुकानात विकतात. पोलीस आले, दोन बायकांना आणि एकोणीस वर्षांच्या मुलाला घेऊन गेले. त्यांच्या गोणीत तीन किलो जळके तांबे सापडले. बायकांना रात्री दहापर्यंत बसवून सोडले. मुलाला अटक झाली. जामिनासाठी घरच्यांनी कर्ज काढले.

गोणीतल्या तांब्याला पुरावा म्हणायचे का? भंगार वेचणाऱ्याच्या गोणीत भंगार असणारच. त्याने चोरी केली असेल तरी तांबे सापडेल, केली नसेल तरी सापडेल. जी गोष्ट दोन्ही शक्यतांत सारखीच दिसते ती कुठल्याच बाजूला काटा झुकवत नाही. वेगळा काटा झुकवणारी गोष्ट गोणीतच होती आणि ती कुणी पाहिली नाही. कारखान्यात हरवले होते ते बसबारचे चपटे, जाड तुकडे. गोणीत होती बारीक तारांची गुंतवळ, घरातल्या वायरिंगचे प्लास्टिक जाळून काढलेली. हातात घेतली तरी फरक कळतो. “नेमके कोणते तांबे हरवले?” एवढा प्रश्न तक्रार घेताना विचारला असता तर अटक झालीच नसती. तो विचारायची गरज वाटली नाही, कारण वस्तीचे नाव ऐकताच उत्तर मिळाल्यासारखे झाले होते. दिसण्यावरून ठरवलेल्या संशयाचे सगळ्यात मोठे नुकसान मला हेच वाटते. तो तपासाची सुरुवात करत नाही, तपास थांबवतो. मुलगा कोठडीत असताना कारखान्यातली तूट त्याच गतीने वाढत होती, आणि तेही कुणी पाहिले नाही.

याला आपल्याकडे इतिहास आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी कितीतरी जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. स्वतंत्र भारतात तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. पण पोलीस ठाण्यातली नजर कायद्याबरोबर रद्द झाली नाही. महाराष्ट्रातल्या २००३ च्या एका दरोडा आणि खुनाच्या खटल्यात भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना फाशी सुनावली गेली, आणि सर्वोच्च न्यायालयानेच २००९ मध्ये ती कायम ठेवली, काहींची तर वाढवून दिली. त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडले. वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने घटनेनंतर लगेचच पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळीच चार माणसे ओळखली होती, आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. न्यायालयाने नोंदवले की हे आरोपी भटक्या जमातीतले, अत्यंत गरीब मजूर आहेत, त्यांना खोटे गोवले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई मिळाली, सोळा वर्षे तुरुंगात गेल्यावर. सोडलेल्या सहांकडे मी फक्त अन्यायाचे उदाहरण म्हणून पाहत नाही. ज्या चौघांना साक्षीदाराने ओळखले होते, त्यांच्यापर्यंत कुणी पोहोचलेच नाही. चुकीच्या माणसाला धरले की खऱ्या माणसाला मोकळीक मिळते.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्येही या विषयाला हात घातला. मागास आणि विमुक्त समाजातल्या माणसांची नावे पोलिसांच्या गुन्हेगार नोंदवह्यांत यांत्रिकपणे घातली जातात, राज्यांनी हे तपासावे, असे त्याने म्हटले. वस्तीतल्या त्या मुलाच्या बाबतीत ही शक्यता खरीच होती. एकदा नाव चढले की पुढच्या चोरीला पोलिसांची पहिली फेरी त्याच्याच दारात.

लाल दिवा

नवव्या आठवड्यापासून गेटवर बटणाचे यंत्र लागले. बाहेर पडताना प्रत्येकाने बटण दाबायचे. हिरवा लागला तर जा, लाल लागला तर बाजूला. दर शंभरात पाचांना लाल लागेल असे ते लावले. व्यवस्थापकांची मोटारही थांबली, त्यांनीही बटण दाबले. यावर कुरकूर झालीच, पण रक्षकाने नियम मोडला नाही. झडती पडद्यामागे आणि दोघांसमोर, स्त्रीची झडती स्त्री रक्षकाकडून. सुभेदारांना सुरुवातीला हे पटले नाही. “मग आमचा अनुभव कशाला?” त्यांनी विचारले. अनुभवाला जागा ठेवली होती: रक्षकाने स्वतःच्या डोळ्यांनी ठोस काही पाहिले, म्हणजे पिशवीतून डोकावणारा तुकडा किंवा कुंपणावरून फेकलेले गाठोडे, तर तो अडवू शकत होता, पण काय पाहिले ते आधी वहीत लिहायचे.

आठ आठवड्यांत सुमारे २८,८०० वेळा माणसे बाहेर पडली, १,४४० झडत्या झाल्या, २२ वेळा काहीतरी सापडले. ठेकेदारांच्या माणसांकडे शंभरात दीड, इतरांकडेही शंभरात दीड. फरक नव्हता. वास्तविक झडत्या थोड्याशाच वाढल्या होत्या, पण सापडणे सुमारे १.७ पट झाले. कारण उघड होते. आधी ज्यांना कुणी हात लावत नव्हते ते आता निर्धास्त राहू शकत नव्हते. नजरेवर चालणाऱ्या गेटवर कुणाला अडवत नाहीत हे चोराला दोन दिवसांत कळते आणि तो तसा दिसतो, किंवा तसा दिसणाऱ्याच्या हाती माल देतो. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनसवर कसाब आला तो कार्गो पँट, टी-शर्ट आणि पाठीवर सॅक अशा वेशात, एखाद्या कॉलेजच्या मुलासारखा. वेश हा करणाऱ्याच्या हातात असतो. लाल दिव्याला वेश कळत नाही.

या पद्धतीची मर्यादाही मांडली पाहिजे. जो एकदाच काही घेऊन जातो त्याला सापडण्याची शक्यता शंभरात पाचच. जो रोज नेतो, त्याला पंचवीस दिवसांत एकदा तरी लाल दिवा लागण्याची शक्यता बहात्तर टक्क्यांच्या आसपास. सवयीच्या चोराला ही पद्धत गाठते, एकदाच हात मारणाऱ्याला सहसा नाही.

पण लाल दिव्याचा खरा उपयोग पुढे झाला, आणि तो कुणाच्या मनातही नव्हता. त्या १,४४० झडत्यांत सापडलेले एकूण तांबे होते ३०० ग्रॅम. चिठ्ठी टाकून पाच टक्के तपासले असल्याने विसाने गुणले की गेटवाटे एकूण किती गेले असेल याचा अंदाज निघतो: सहा किलो. नमुना छोटा आहे, अंदाज दोन किलो असेल किंवा पंधरा असेल. पण त्याच आठ आठवड्यांतली तूट होती १८० किलो. म्हणजे बहुतेक तांबे माणसांच्या खिशांतून किंवा डब्यांतून जातच नव्हते. आधीच्या १,२०० झडत्यांवरून असा गुणाकार करताच आला नसता. त्या कुणाच्या मनाप्रमाणे निवडलेल्या होत्या, त्या कशाचेच प्रमाण दाखवत नव्हत्या. नजरेची झडती सापडवत तर नाहीच, मोजूही देत नाही.

मग स्टोअर्सच्या प्रमुख बाईंनी हिशेब हातात घेतला. ड्रॉइंगवरून कापणीत किती तुकडे उरायला हवेत हे निघते, पिंपातले वजन रोज करता येते. त्यांनी रोजचे वजन लावले आणि तूट तारखांवर मांडली. ती शिफ्टप्रमाणे पसरलेली नव्हती. चार तारखांना उडी मारत होती, दर वेळी पंचेचाळीस किलोच्या आसपास. त्या चारही तारखांना लोखंडी भंगाराची ट्रक उचल होती.

सहा टन लोखंडी चुरा आणि पत्र्याखाली पंचेचाळीस किलो तांबे दिसत नाही. वजनकाट्यावरही ते कळत नाही, कारण ते लोखंड म्हणूनच मोजले जाते आणि लोखंडाच्याच भावात बाहेर पडते. पुढच्या उचलीला भंगार आधी यार्डात पसरले आणि क्रेनच्या चुंबकाने उचलून ट्रकमध्ये भरले. चुंबक लोखंड उचलतो, तांबे जमिनीवरच राहते. त्या दिवशी जमिनीवर चार-पाच तुकडे राहिले, फार नाही. पण त्यानंतरच्या महिन्यात तूट काही किलोंवर आली.

कुणी केले हे सिद्ध झाले नाही. पिंप हलवणारे, ट्रक भरणारे, भंगाराच्या ठेकेदाराची माणसे, गेटपासवर सही करणारे, कुणीही असू शकते, आणि पुराव्याशिवाय यातल्या एकाचे नाव घेणे म्हणजे वस्तीच्या जागी दुसरा चेहरा बसवणे. कंपनीने भंगाराचा करार नव्याने केला, चुंबकाने भरणी आणि दोन वेळा वजन ही अट घातली.

कंपनीने पोलिसांना लेखी कळवले की हरवलेला माल आणि मुलाकडे सापडलेला माल वेगळ्या प्रकारचा आहे. स्टोअर्सच्या बाईंनी बसबारच्या तुकड्याचा नमुना आणि मापे जोडली. हे पत्र तिसऱ्या आठवड्यात जायला हवे होते, ते वीस आठवड्यांनी गेले. मुलाचा खटला अजून प्रलंबित आहे आणि दर तारखेला त्याचा एक दिवसाचा रोजगार बुडतो. गेटवर दोन गोष्टी अजून अर्धवट आहेत. रात्रपाळीला स्त्री रक्षक नाही, त्यामुळे रात्री सुटणाऱ्या स्त्रियांचे लाल दिवे नुसते नोंदवले जातात. आणि भंगाराच्या ठेकेदाराचे लोक आत-बाहेर जातात त्या मागच्या फाटकावर बटण लागलेलेच नाही.